खेड ते कणकवली, आणि वर्गमुळाचा हिशेब

मुंबईहून मडगावला निघालेल्या गाडीत खेडला चढून कणकवलीला उतरणाऱ्या माणसाला जागा मिळेल का? मुंबईला गाडी सुटताना किती बर्थ रिकामे होते, यावरून ते ठरत नाही. मडगावला गाडी पोहोचेल तेव्हा किती रिकामे असतील, यावरूनही नाही. ते ठरते खेड आणि कणकवली यांच्या मधल्या सगळ्यात गर्दीच्या टप्प्यावर. चिपळूण ते संगमेश्वर एवढ्या एकाच टप्प्यात डबा गच्च भरलेला असेल, तर बाकीच्या टप्प्यांत निम्मा डबा रिकामा असूनही या प्रवाशाला सलग प्रवासाचे तिकीट देता येत नाही.

संगणकाच्या भाषेत या व्यवहारात दोनच कामे आहेत. तिकीट काढले, की प्रवासाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक टप्प्यावरची शिल्लक तेवढ्या प्रवाशांनी कमी करायची. तिकीट रद्द झाले, तर तेवढीच वाढवायची. हे झाले पट्ट्यातली बेरीज, म्हणजे ‘रेंज अ‍ॅड’. आणि कोणी जागा विचारली, की त्याच्या पट्ट्यातली सगळ्यात लहान शिल्लक सांगायची. हे झाले पट्ट्यातले किमान, म्हणजे ‘रेंज मिनिमम’. प्रत्यक्ष रेल्वे आरक्षणात कोटे, प्रतीक्षायादी, आरएसी असे पुष्कळ काही असते. इथे ते बाजूला ठेवून फक्त या दोन कामांकडे पाहायचे आहे, कारण हीच जोडी प्रोग्रामिंगच्या स्पर्धांत आणि रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा भेटते.

सरळ मार्ग कोणालाही सुचेल असा आहे. टप्प्यांची एक रांग ठेवायची, तिकीट आले की त्या पट्ट्यातला एकेक आकडा बदलायचा आणि चौकशी आली की पट्टाभर चालत जाऊन लहानात लहान आकडा शोधायचा. कोकणच्या गाडीला हे पुरते. वीस-पंचवीस थांब्यांसाठी याहून हुशार काही करणे म्हणजे वेळेचा अपव्यय. पण कोडफोर्सेस या स्पर्धास्थळावर 52C क्रमांकाचा ‘सर्क्युलर आरएमक्यू’ नावाचा जुना प्रश्न आहे. त्यात रांगेत 2 लाखांपर्यंत आकडे असतात आणि त्यांवर 2 लाखांपर्यंत कामे करायची असतात. प्रत्येक काम जवळजवळ अख्ख्या रांगेवरचे असेल, तर सरळ मार्गाने 4,000 कोटी पावले पडतात. दीडदोन सेकंदांत हे होणे नाही.

यावर पाठ्यपुस्तकी उत्तर म्हणजे सेगमेंट ट्री. जॉन बेंटली यांनी 1977 मध्ये आयतांच्या क्षेत्रफळाच्या एका प्रश्नासाठी ही रचना मांडली. रांगेचे दोन भाग, त्या भागांचे पुन्हा दोन, असे करत एकेका आकड्यापर्यंत उतरायचे आणि प्रत्येक गाठीवर तिच्या खालच्या पट्ट्याचे किमान लिहून ठेवायचे. 2 लाख आकड्यांसाठी हे झाड साधारण 18 पातळ्यांचे होते. कोणताही पट्टा मोजक्या गाठींत बसतो, त्यामुळे एका कामाला फार तर सत्तर-बहात्तर गाठींना भेट द्यावी लागते. वेगाच्या बाबतीत या रचनेला तोड नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

जड जाते ते ती लिहिणे. नुसते किमान शोधायचे असेल तर झाड सुटसुटीत राहते. पण पट्ट्यात बेरीजही करायची असेल, तर प्रत्येक गाठीवर ‘खाली अजून पोहोचवायची आहे’ अशी एक बेरीज अडकवून ठेवावी लागते. मग खाली उतरण्याआधी ती दोन्ही मुलांकडे ढकलायची, परत येताना आईचे किमान मुलांवरून नव्याने काढायचे, आणि हे सगळे स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनांतून करायचे. ढकलण्याची एक ओळ एका फंक्शनात लिहिली आणि दुसऱ्यात राहिली, तर प्रोग्राम चालतो, उत्तरे बहुतेक वेळा बरोबर येतात आणि मधेच एखादे चुकते. आयसीपीसी या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन विद्यार्थ्यांच्या संघाला पाच तासांसाठी एकच संगणक मिळतो. अशा ठिकाणी झाडातली ती एक हरवलेली ओळ शोधण्यात गेलेली वीस मिनिटे तिघांच्याही खात्यावर पडतात.

सरळ रांग आणि झाड यांच्या मधली एक वाट आहे. तिचे इंग्रजी नाव स्क्वेअर रूट डिकम्पोझिशन. मराठीत वर्गमूळ विभाजन म्हणायला हरकत नाही. झाडाच्या अनेक पातळ्यांऐवजी इथे एकच पातळी असते. रांगेचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणायचे आणि प्रत्येक ब्लॉकसाठी दोनच आकडे वेगळे ठेवायचे. पहिला, त्या ब्लॉकमधले किमान. दुसरा, त्या ब्लॉकमधल्या सर्वांना लागू असलेली पण अजून एकेकाच्या नावावर न लिहिलेली बेरीज. प्रोग्रामर या दुसऱ्या आकड्याला ‘लेझी’ म्हणतात. इथे त्याला थकबाकी म्हणू.

ही सगळी रचना एका साध्या गोष्टीवर उभी आहे. ब्लॉकमधल्या प्रत्येक आकड्यातून सारखेच 5 वजा केले, तर त्यातला सगळ्यात लहान आकडा कोणता हे बदलत नाही; त्याची किंमत फक्त 5 ने खाली सरकते. म्हणून पूर्ण ब्लॉकवर बेरीज आली की आतल्या आकड्यांना हात लावावाच लागत नाही. थकबाकीत नोंद केली की झाले, आणि खरे किमान हवे तेव्हा लिहिलेले किमान अधिक थकबाकी करायचे.

आता हे कोकणच्या गाडीवर चालवून पाहू. गाडीचे थांबे असे धरू: मुंबई सीएसएमटी, दादर, ठाणे, पनवेल, रोहा, माणगाव, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर, वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, थिवी आणि मडगाव. थांबे 17, म्हणजे त्यांच्या मधले टप्पे 16. संगणकाच्या सवयीप्रमाणे टप्प्यांना 0 ते 15 असे क्रमांक देऊ: 0 म्हणजे सीएसएमटी ते दादर, 15 म्हणजे थिवी ते मडगाव. सोळाचे वर्गमूळ चार, म्हणून चार-चार टप्प्यांचे चार ब्लॉक. पहिला ब्लॉक सीएसएमटी ते रोहा, दुसरा रोहा ते संगमेश्वर, तिसरा संगमेश्वर ते कणकवली आणि चौथा कणकवली ते मडगाव. डबा 72 बर्थचा धरला, तर सुरुवातीला प्रत्येक टप्प्यावर 72 शिल्लक, प्रत्येक ब्लॉकचे किमान 72 आणि प्रत्येकाची थकबाकी 0.

पहिले आरक्षण येते पनवेल ते कुडाळ, 5 जणांचे. म्हणजे टप्पे 3 ते 12. दुसरा आणि तिसरा ब्लॉक या पट्ट्यात पूर्ण बसतात, म्हणून त्या दोघांच्या थकबाकीत -5 लिहायचे आणि आत डोकवायचे नाही. पहिल्या ब्लॉकचा एकच टप्पा, पनवेल ते रोहा, या पट्ट्यात आहे. तो 67 करायचा आणि ब्लॉकचे किमान नव्याने काढायचे, तेही 67. चौथ्या ब्लॉकमध्ये कणकवली ते कुडाळ हा टप्पा 67 होतो आणि त्याचे किमानही 67.

दुसरे आरक्षण मोठे आहे: ठाणे ते रत्नागिरी, 30 जण, टप्पे 2 ते 8. पहिल्या ब्लॉकमध्ये ठाणे ते पनवेल 42 आणि पनवेल ते रोहा 37 होते, किमान 37. दुसरा ब्लॉक पूर्ण, म्हणून त्याची थकबाकी -35. तिसऱ्या ब्लॉकमधला फक्त संगमेश्वर ते रत्नागिरी हा टप्पा पट्ट्यात येतो. त्याच्या नावावर 72 लिहिलेले आहेत, त्यांतून 30 जाऊन 42 उरतात. इथे क्षणभर थांबायला हवे. त्या टप्प्यावर खरी शिल्लक 42 नाही, 37 आहे. उरलेले -5 ब्लॉकच्या थकबाकीत बसलेले आहेत. लिहिलेला आकडा आणि खरा आकडा यांतला हा फरक सतत डोक्यात ठेवणे, हीच या पद्धतीतली खरी शिस्त आहे.

तिसरे आरक्षण चिपळूण ते सावंतवाडी, 12 जण, टप्पे 7 ते 13. दुसऱ्या ब्लॉकमध्ये चिपळूण ते संगमेश्वर हा टप्पा लिहिलेल्या 72 वरून 60 वर येतो आणि ब्लॉकचे लिहिलेले किमानही 60 होते. तिसरा ब्लॉक पूर्ण आहे, त्याची थकबाकी -17. चौथ्या ब्लॉकमध्ये कणकवली ते कुडाळ 55 आणि कुडाळ ते सावंतवाडी 60, किमान 55.

आता तो खेडचा प्रवासी येतो. खेड ते कणकवली म्हणजे टप्पे 6 ते 11. दुसऱ्या ब्लॉकमधले शेवटचे दोन टप्पे एकेक करून पाहायचे: लिहिलेले आकडे 72 आणि 60, थकबाकी -35, म्हणजे खरे 37 आणि 25. तिसरा ब्लॉक पूर्ण आहे, तिथे एकच बेरीज: 42 आणि -17 मिळून 25. उत्तर 25. पडताळा घ्यायचा तर चिपळूण ते संगमेश्वर या टप्प्यावर तिन्ही आरक्षणे लागू आहेत: 72 मधून 5, 30 आणि 12 गेले की 25 च राहतात.

या 25 चा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. पट्ट्यातल्या प्रत्येक टप्प्यावर निदान 25 बर्थ रिकामे आहेत, एवढेच हा आकडा सांगतो. तोच एक बर्थ खेडपासून कणकवलीपर्यंत सलग रिकामा आहे, असे तो सांगत नाही. आधीचे बर्थ कसे वाटले आहेत त्यावर प्रवाशाला मधेच जागा बदलावी लागेल की नाही ते ठरते, आणि तो प्रश्न वेगळा आहे.

वरच्या उदाहरणात एक धडा लपलेला आहे. समजा कोणी प्रोग्राम लिहिताना टोकाच्या ब्लॉकमध्ये एकेक आकडा पाहताना थकबाकी मिळवायला विसरला. खेड ते कणकवलीच्या चौकशीत त्याला दुसऱ्या ब्लॉकमधून 60 मिळतील, तिसऱ्यातून 25, आणि उत्तर 25 म्हणजे बरोबरच येईल. रत्नागिरी ते मडगाव विचारले, तरी त्याला 72 आणि 55 मधून 55 मिळेल आणि खरे उत्तरही 55 च आहे. चूक तशीच आत, उत्तरे मात्र बिनचूक. ती उघडी पडते खेड ते चिपळूण विचारल्यावर: हा प्रोग्राम 72 सांगतो, खरे आहेत 37. किमान या क्रियेचा स्वभावच असा आहे, की एक लहान आकडा बरोबर असला की शेजारचे चुकीचे मोठे आकडे त्याच्या आड झाकले जातात. म्हणून दोन-चार लांब पट्टे तपासून समाधान मानणे धोक्याचे. आखूड पट्टे, त्यातही एकाच ब्लॉकमध्ये संपणारे, मुद्दाम तपासावे लागतात.

एकाच ब्लॉकमध्ये संपणारा पट्टा हीच दुसरी अडचणीची जागा. पुष्कळजण काम तीन भागांत लिहितात: डाव्या टोकाचा तुकडा ब्लॉकच्या शेवटापर्यंत, मधले पूर्ण ब्लॉक, आणि उजव्या ब्लॉकच्या सुरुवातीपासून उजव्या टोकापर्यंत. माणगाव ते चिपळूण, म्हणजे टप्पे 5 आणि 6, असे आरक्षण आले की हे तीन भाग एकमेकांवर चढतात. डावा भाग 5, 6, 7 बदलतो, उजवा भाग 4, 5, 6 बदलतो. परिणामी 5 आणि 6 दोनदा कमी होतात, आणि ज्यांचा काही संबंध नाही ते 4 आणि 7 एकदा.

तिसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती शहाणपणासारखी दिसते. टोकाच्या ब्लॉकमध्ये काही आकडे बदलल्यावर ब्लॉकचे किमान काढण्यासाठी अख्खा ब्लॉक का चालायचा? जुने किमान आणि बदललेले आकडे यांतला लहान घेतला की झाले, असे वाटते. आरक्षणे येत राहिली, आकडे फक्त घटत राहिले, तोवर हे अगदी बरोबर चालते. मग ठाणे ते रत्नागिरीचे ते 30 जण तिकीट रद्द करतात. पहिल्या ब्लॉकमधला 37 चा टप्पा पुन्हा 67 होतो, पण ब्लॉकचे किमान 37 वरच अडकून राहते, कारण 37 आणि 67 यांत लहान 37 च आहे. आता त्या पट्ट्यात 30 जागा रिकाम्या असूनही प्रोग्राम त्या कोणाला देणार नाही. म्हणून ब्लॉकचा काही भाग बदलला, की त्याचे किमान संपूर्ण ब्लॉक चालूनच काढायचे. त्यात काटकसर करू नये.

या तिन्ही चुकांना जागाच राहू नये, अशा तऱ्हेने कोड लिहिता येतो. डावे, मधले, उजवे असे तीन भाग न करता डावीकडून एक खूण चालवायची. ती ज्या ब्लॉकमध्ये आहे तो पट्ट्यात पूर्ण बसत असेल तर थकबाकी, नाही तर आतले आकडे. मग खूण पुढच्या ब्लॉकवर.

```cpp
const int B = 256;
int n;
long long a[200000], mn[800], lazy_[800];

void rebuild(int b) {
    int s = b * B, e = min(n, s + B);
    mn[b] = *min_element(a + s, a + e);
}

void update(int l, int r, long long v) {
    for (int i = l; i <= r; ) {
        int b = i / B, e = min(n, (b + 1) * B) - 1;
        if (i == b * B && e <= r) lazy_[b] += v;
        else {
            for (int j = i; j <= min(r, e); j++) a[j] += v;
            rebuild(b);
        }
        i = e + 1;
    }
}
```

चौकशीचे फंक्शन याचीच सावली आहे. फक्त दोन्ही फांद्यांमध्ये थकबाकी मिळवलेली आहे, हे पाहून घ्यावे.

```cpp
long long query(int l, int r) {
    long long best = LLONG_MAX;
    for (int i = l; i <= r; ) {
        int b = i / B, e = min(n, (b + 1) * B) - 1;
        if (i == b * B && e <= r)
            best = min(best, mn[b] + lazy_[b]);
        else
            for (int j = i; j <= min(r, e); j++)
                best = min(best, a[j] + lazy_[b]);
        i = e + 1;
    }
    return best;
}
```

सुरुवातीला रांग वाचून झाल्यावर प्रत्येक ब्लॉकसाठी एकदा `rebuild` बोलवायचे. एवढ्यात सगळे आले. शेवटचा ब्लॉक अर्धवट असला तरी `e` ही मर्यादा `n` पाशी छाटलेली असल्यामुळे त्याच्यासाठी वेगळी सोय लागत नाही. 52C मधली रांग वर्तुळाकार आहे, म्हणजे डावे टोक उजव्यापेक्षा मोठे असू शकते; तेव्हा डाव्या टोकापासून रांगेच्या शेवटापर्यंत आणि सुरुवातीपासून उजव्या टोकापर्यंत असे दोन कॉल करायचे. `long long` मात्र हौसेने घातलेले नाही. त्या प्रश्नात एका वेळी 10 लाखांपर्यंत बेरीज होऊ शकते आणि अशी 2 लाख कामे एकाच आकड्यावर पडली, तर तो 20,000 कोटींपर्यंत जातो. साधा 32 बिटांचा पूर्णांक सुमारे 215 कोटींवर भरतो आणि मग उलट्या चिन्हाचे आकडे दाखवू लागतो.

आता त्या 256 विषयी. नाव वर्गमूळ विभाजन आणि 2 लाखांचे वर्गमूळ सुमारे 447, मग ब्लॉक 256 चा कशाला? याचे उत्तर कामाच्या मोजणीत आहे. बदल करताना वाईटात वाईट परिस्थितीत दोन्ही टोकांचे ब्लॉक उघडावे लागतात, आणि प्रत्येकात दोन फेऱ्या होतात: एक बेरजेची, एक किमान काढण्याची. म्हणजे ब्लॉकच्या लांबीच्या चौपट पावले. शिवाय मधल्या ब्लॉकांची संख्या, म्हणजे 2 लाख भागिले ब्लॉकची लांबी. ब्लॉक मोठा केला की पहिला खर्च वाढतो आणि दुसरा घटतो. लहान केला की उलटे. दोन्ही खर्च सारखे होतात तिथे बेरीज सगळ्यात कमी असते. 4B आणि n/B समान मांडले, की B चा वर्ग येतो 50,000 आणि B येतो सुमारे 224. चौकशीत किमान नव्याने काढायचे नसते, तिथे चौपटीऐवजी दुप्पटच खर्च होतो आणि तीच मांडणी 316 कडे नेते. दोन्ही कामे साधारण सारख्या संख्येने येत असतील तर या दोहोंच्या मधला आकडा घ्यावा, आणि 256 हा 2 चा घात असल्यामुळे `i / B` हा भागाकार यंत्राला नुसत्या बिट सरकवून करता येतो.

फरक किती पडतो? 447 लांबीच्या ब्लॉकने एका बदलाला वाईटात वाईट सुमारे 2,236 पावले पडतात, 256 ने सुमारे 1,806. पाचवा हिस्सा वाचला. फरक आहे, पण आभाळ कोसळण्याइतका नाही. 200 घेतले किंवा 300 घेतले, तरी प्रोग्राम तेवढाच चांगला चालेल. वर्गमूळ हे इथे खर्चाचे दोन पाय कुठे सारखे होतात ते सांगते, नेमका आकडा ठरवून देत नाही.

1,806 पावले गुणिले 2 लाख कामे म्हणजे सुमारे 36 कोटी पावले. झाडाच्या दीड कोटीच्या आसपासच्या भेटींशी तुलना केली तर हे पंचवीसपट दिसते. घड्याळावर मात्र अंतर एवढे राहत नाही, आणि त्यामागचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. 256 आकड्यांचा एक ब्लॉक 64 बिटांच्या हिशेबाने 2 किलोबाइटचा होतो. सगळ्या ब्लॉकांची किमाने आणि थकबाक्या मिळून साडेबारा किलोबाइटच्या घरात. प्रोसेसरच्या सर्वांत जवळची कॅश मेमरी साधारण 32 किलोबाइटची असते, तिच्यात हे बसते. शिवाय ब्लॉकमधले आकडे स्मृतीत शेजारी शेजारी असतात आणि त्यांवरची क्रिया एकसारखी असते, म्हणून कंपायलरला योग्य सूचना दिल्यास एव्हीएक्स2 असलेला प्रोसेसर अशी चार 64 बिटांची आकडेमोड एका आज्ञेत उरकतो. झाडात मात्र प्रत्येक गाठीनंतर पुढे कुठे जायचे ते ठरवावे लागते, उड्या मारत उतरावे लागते. तिथले एक पाऊल इथल्या एका पावलापेक्षा महाग असते. स्मृतीचा हिशेबही बोलका आहे: नेहमीच्या सवयीने चौपट जागा घेऊन लिहिलेल्या झाडाला किमान आणि थकबाकी मिळून 12.8 मेगाबाइट लागतात, ब्लॉकच्या पद्धतीला 1.6 मेगाबाइटहून थोडेसेच जास्त.

तरीही मर्यादा स्पष्ट आहे. आकडे आणि कामे दोन्ही 10-10 लाखांवर गेली, की एका बदलाचा वाईटात वाईट खर्च 4,000 पावलांवर पोहोचतो आणि एकूण हिशेब 400 कोटींचा होतो. झाडाला तिथेही एका कामामागे 80 गाठींच्या आसपासच भेटी द्याव्या लागतात. त्या ठिकाणी झाडच लिहावे. ब्लॉकच्या लांबीशी खेळत बसून ते अंतर भरून निघत नाही. काही हजारांपासून 2 लाखांपर्यंतच्या रांगा हे वर्गमूळ विभाजनाचे खरे अंगण आहे.

आणि एक प्रश्न असा आहे, जिथे वेगाच्या तुलनेआधीच झाड अडखळते. पट्ट्यात बेरीज करायची तीच, पण विचारायचे असे: या पट्ट्यातल्या किती टप्प्यांवर निदान 40 जागा शिल्लक आहेत? किमान दोन मुलांच्या किमानांवरून काढता येते, तसे हे उत्तर काढता येत नाही, कारण गाठीवर बेरीज आली की 40 च्या वर किती गेले हे गाठीवरच्या एका आकड्यावरून कळत नाही. ब्लॉकच्या पद्धतीत मात्र फारसे काही बदलत नाही. प्रत्येक ब्लॉकमधल्या आकड्यांची एक क्रमाने लावलेली प्रत ठेवायची. पूर्ण ब्लॉकवर बेरीज आली तर क्रम तोच राहतो, म्हणून नुसती थकबाकी. मोजायचे असेल तेव्हा 40 मधून थकबाकी वजा करून त्या क्रमवार प्रतीत दुभागत शोधायचे: थकबाकी -17 असेल तर लिहिलेले 57 किंवा त्याहून मोठे आकडे किती, एवढे पाहायचे. टोकाच्या ब्लॉकमध्ये `rebuild` किमान काढण्याऐवजी प्रत नव्याने लावते. कोडच्या चारदोन ओळी बदलतात, सांगाडा तोच राहतो.

लिहिलेला कोड बरोबर आहे की नाही हे ताडण्याची जी रीत सर्वांत जास्त उपयोगी पडते, तीही छोट्या आकड्यांचीच. सरळ मार्गाचा, रांगभर चालणारा प्रोग्राम पाच मिनिटांत लिहून होतो आणि त्यात चुकायला फारसे काही नसते. मग दोन्ही प्रोग्रामांना तीच यादृच्छिक कामे द्यायची आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. इथे 2 लाखांची रांग घेऊन उपयोग नाही. 256 लांबीच्या ब्लॉकमध्ये टोके नेमक्या सीमेवर पडण्याचा योग क्वचितच येतो. `B` तात्पुरता 3 करावा, रांग 10 आकड्यांची घ्यावी, म्हणजे शेवटचा ब्लॉक एकाच आकड्याचा राहतो, आणि बेरजा धन-ऋण दोन्ही द्याव्यात. ब्लॉक एवढे लहान असले की एकाच ब्लॉकमध्ये संपणारे पट्टे, सीमेवर सुरू होणारे पट्टे, रद्द झालेली तिकिटे हे सगळे काही शेकडा कामांतच येऊन जाते. पहिला फरक दिसला की तिथे थांबून दहाही आकडे, चारही किमाने आणि चारही थकबाक्या छापून घ्याव्यात. एवढे आकडे कागदावर हाताने तपासता येतात.